व्याजदर वाढले की बाँडची किंमत का पडते? ४ मे २०२२ च्या दुपारी काय घडलं, त्यावरून समजून घ्या

४ मे २०२२, बुधवार. रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीची ठरलेली बैठक जूनमध्ये होती, त्यामुळे बाजारात कुणी व्याजदराच्या घोषणेची वाट बघत नव्हतं. अचानक बातमी आली की, तत्कालीन गव्हर्नर शक्तिकांत दास दुपारी २ वाजता निवेदन करणार आहेत. त्या निवेदनात त्यांनी रेपो दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्के केल्याचं जाहीर केलं. बँकांना रिझर्व्ह बँकेकडे ठेवावी लागणारी रोख राखीव रक्कम, म्हणजे सीआरआरही अर्ध्या टक्क्याने वाढवला.

शेअर बाजारात सेन्सेक्स त्या दिवशी १३०० अंकांहून जास्त कोसळला आणि टीव्हीवर तीच बातमी दिवसभर चालली. पण या घोषणेचा थेट फटका ज्या बाजाराला बसला, त्याची चर्चा फारशी झाली नाही. तो म्हणजे सरकारी रोख्यांचा, म्हणजेच बाँडचा बाजार. १० वर्षांच्या सरकारी बाँडचं यील्ड आधीच्या व्यवहाराच्या दिवशी साधारण ७.१२ टक्के होतं, ते दिवसअखेर ७.३८ टक्क्यांवर गेलं.

यील्ड म्हणजे परतावा. मग परतावा वाढला, ही चांगली बातमी नाही का? ज्यांच्याकडे तो बाँड आधीपासून होता, त्यांच्यासाठी नाही. यील्ड वर गेलं याचा अर्थ त्यांच्या बाँडची किंमत खाली आली. हे असं उलटं का चालतं?

आधी बाँड म्हणजे काय ते पाहू

सरकारला खर्चासाठी पैसे लागतात. कराचे पैसे पुरत नाहीत, तेव्हा सरकार कर्ज घेतं. हे कर्ज बाँड विकून घेतलं जातं. सरकारच्या वतीने रिझर्व्ह बँक या बाँडचे लिलाव करते आणि बँका, विमा कंपन्या, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी ते विकत घेतात.

प्रत्येक बाँडवर तीन गोष्टी कायमच्या ठरलेल्या असतात. दर्शनी मूल्य किती, दरवर्षी व्याज किती मिळणार आणि मुद्दल कधी परत मिळणार. त्या दुपारी ज्या बाँडचे सर्वाधिक व्यवहार होत होते, त्याचं नाव होतं ‘६.५४ टक्के जीएस २०३२’. नावातच सगळी माहिती आहे. जीएस म्हणजे गव्हर्न्मेंट सिक्युरिटी. १०० रुपयांच्या दर्शनी मूल्यावर वर्षाला ६ रुपये ५४ पैसे व्याज मिळणार, तेही दर सहा महिन्यांनी निम्मं निम्मं, आणि २०३२ मध्ये १०० रुपये परत मिळणार. या ठरलेल्या व्याजाला ‘कूपन’ म्हणतात.

इथपर्यंत हे बँकेतल्या एफडीसारखंच वाटतं. फरक एकच आहे, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. एफडी दुसऱ्याला विकता येत नाही. बाँड विकता येतो, रोज, बाजारभावाने. आणि जिथे भाव आला, तिथे चढउतार आलेच.

आता उलटं गणित

समजा, तुमच्याकडे १०० रुपयांचा एक सरकारी बाँड आहे. कूपन ७ टक्के आणि मुदत संपायला १० वर्षं बाकी. गणित सोपं राहावं म्हणून व्याज वर्षातून एकदाच मिळतं असं धरू.

उद्या बाजारातले व्याजदर वाढले आणि सरकारने तेवढ्याच मुदतीचा नवा बाँड ८ टक्के कूपनने विकायला काढला. तुम्हाला पैशांची गरज आहे म्हणून तुम्ही तुमचा जुना बाँड विकायला निघालात. समोरचा विचारेल, “१०० रुपयांत मला वर्षाला ८ रुपये देणारा बाँड मिळतोय, तर ७ रुपये देणारा मी १०० ला का घेऊ?”

तुम्ही कूपन वाढवू शकत नाही, ते कायमचं ठरलेलं आहे. मुदतही बदलू शकत नाही. तुमच्या हातात फक्त एकच गोष्ट आहे, ती म्हणजे किंमत. ती किती कमी करावी लागेल? इतकी, की खरेदीदाराला तुमच्या बाँडमधूनही वर्षाला ८ टक्केच सुटले पाहिजेत. हिशेब केला तर ती किंमत येते ९३ रुपये २९ पैसे.

हे ८ टक्के कसे जुळतात? खरेदीदाराने ९३.२९ रुपये दिले आणि त्याला वर्षाला ७ रुपये व्याज मिळतं. म्हणजे गुंतवलेल्या पैशांवर साधारण साडेसात टक्के. उरलेला अर्धा टक्का येतो शेवटी. त्याने दिले ९३.२९, पण मुदत संपल्यावर सरकार त्याला पूर्ण १०० रुपये देणार. हा ६ रुपये ७१ पैशांचा फायदा १० वर्षांवर पसरला की एकूण परतावा ८ टक्के होतो. बाजारात ‘यील्ड’ म्हणतात ते यालाच. आजच्या भावाने बाँड घेऊन मुदतीपर्यंत ठेवला, तर दरवर्षी सरासरी किती टक्के सुटतील, त्याचा तो आकडा.

आता उलट बाजू. व्याजदर कमी झाले आणि नवे बाँड ६ टक्क्यांचे येऊ लागले, तर तुमच्या ७ टक्केवाल्या बाँडला मागणी येईल. लोक त्यासाठी १०० पेक्षा जास्त मोजतील. किती? १०७ रुपये ३६ पैशांपर्यंत.

म्हणजे यात गूढ काही नाही. बाँडमधून मिळणारे रुपये ठरलेले आहेत. त्या ठरलेल्या रुपयांसाठी तुम्ही कमी किंमत मोजली तर परतावा जास्त पडतो, जास्त मोजली तर कमी. किंमत आणि यील्ड हे सी-सॉची दोन टोकं आहेत. एक वर गेलं की दुसरं खाली येणारच, कारण ते एकाच गोष्टीचं दोन प्रकारे केलेलं मोजमाप आहे.

मुदत जितकी लांब, तितका झटका मोठा

वरच्या उदाहरणातला बाँड १० वर्षांऐवजी एकाच वर्षाचा असता तर? वर्षाच्या शेवटी त्यातून १०७ रुपये मिळणार. व्याजदर ७ वरून ८ टक्के झाले, तर त्याची किंमत होईल ९९ रुपये ७ पैसे. म्हणजे १०० रुपयांमागे नुकसान १ रुपयापेक्षाही कमी.

१० वर्षांच्या बाँडवर हेच नुकसान पावणेसात रुपयांच्या आसपास आहे. आणि ३० वर्षांच्या बाँडची किंमत तर ८८ रुपये ७४ पैशांवर येते, म्हणजे सव्वाअकरा रुपयांचा फटका.

कारण साधं आहे. एक वर्षाच्या बाँडमध्ये तुम्ही कमी व्याजावर फक्त एक वर्ष अडकता. ३० वर्षांच्या बाँडमध्ये ३० वर्षं दरवर्षी १ रुपया कमी घ्यायचा आहे. त्याची भरपाई खरेदीदार आजच किमतीतून कापून घेतो.

व्याजदराच्या बदलाला बाँड किती संवेदनशील आहे, ते मोजण्यासाठी बाजारात ‘मॉडिफाइड ड्युरेशन’ हा आकडा वापरतात. तो ७ असेल, तर त्याचा अर्थ यील्ड १ टक्क्याने वाढलं की किंमत अंदाजे ७ टक्क्यांनी पडेल. यील्ड अर्धा टक्का वाढलं तर साडेतीन टक्के. हा अंदाज छोट्या बदलांसाठी चांगला चालतो. बदल मोठा असला की थोडा फरक पडतो. वरच्याच उदाहरणात बघा, यील्ड १ टक्का वाढल्यावर नुकसान ६.७१ रुपये होतं, पण तेवढंच घटल्यावर फायदा ७.३६ रुपये होता.

त्या दुपारी ट्रेडरचं नेमकं किती नुकसान झालं?

आता पुन्हा ४ मे २०२२ कडे येऊ. सरकारी बाँडचे मोठे व्यवहार ‘एनडीएस-ओएम’ नावाच्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेवर होतात. तिथे बँकांच्या ट्रेझरी विभागातले डीलर आपसात खरेदी-विक्री करतात. व्यवहाराचा नेहमीचा आकार ५ कोटी रुपयांचा असतो.

ट्रेडर टक्क्यांत नाही, ‘बेसिस पॉइंट’मध्ये बोलतात. एक बेसिस पॉइंट म्हणजे एका टक्क्याचा शंभरावा भाग. ७.१२ वरून ७.३८ म्हणजे २६ बेसिस पॉइंट.

‘६.५४ टक्के जीएस २०३२’ या बाँडला तेव्हा मुदत संपायला ९ वर्षं आणि ८ महिन्यांच्या आसपास उरले होते. ७.१२ टक्के यील्डला त्याची किंमत १०० रुपयांमागे ९६ रुपयांच्या जवळ येते. ७.३८ टक्के यील्डला ती सव्वाचौऱ्याण्णव रुपयांवर येते. म्हणजे एका दिवसात १०० रुपयांमागे साधारण पावणेदोन रुपये गेले.

ऐकायला हे किरकोळ वाटतं. पण ५ कोटींच्या एका व्यवहारावर हे नुकसान होतं ८ लाख ७० हजार रुपयांच्या आसपास. एका ट्रेडरकडे असे २० व्यवहार असतील, म्हणजे १०० कोटींचे बाँड असतील, तर एका दुपारीत पावणेदोन कोटी रुपये.

म्हणूनच ट्रेडर एक आकडा कायम डोक्यात ठेवतो. यील्ड एक बेसिस पॉइंट हललं, तर आपल्याकडच्या सगळ्या बाँडवर मिळून किती रुपये मिळतील किंवा जातील? वरच्या ५ कोटींच्या बाँडसाठी हा आकडा साधारण ३३ ते ३४ हजार रुपये आहे. त्याला २६ ने गुणलं की ८ लाख ७० हजारांचा हिशेब लागतो. बँका आपल्या ट्रेडरला मर्यादा घालून देतात, तीही बऱ्याचदा याच आकड्यात.

यात आणखी एक गोष्ट नुकसान वाढवते. बरेच ट्रेडर बाँड विकत घेण्यासाठी एक-एक दिवसाच्या मुदतीचं कर्ज घेतात आणि तेच बाँड तारण ठेवतात. बाँडवर ७ टक्के सुटतात, कर्जावर ४ टक्के द्यावे लागतात, मधला फरक खिशात. पण रेपो दर वाढला की दोन्ही बाजूंनी कात्री लागते. कर्जाचं व्याज वाढतं आणि हातातल्या बाँडची किंमतही पडते.

अर्थात, त्या दिवशी सगळेच रडत नव्हते. व्याजदर वाढणार असा ज्यांचा अंदाज होता, ते बाँड उसने घेऊन आधीच विकून बसले होते. किंमत पडल्यावर त्यांनी ते स्वस्तात परत घेतले आणि मधला फरक कमावला. याला ‘शॉर्ट सेलिंग’ म्हणतात.

दर ४० पॉइंटने वाढला, मग यील्ड २६ नेच का?

रेपो हा अगदी कमी मुदतीच्या पैशाचा दर आहे. बँका रिझर्व्ह बँकेकडून थोड्या दिवसांसाठी पैसे घेतात, त्याचा. १० वर्षांच्या बाँडचा भाव ठरवताना बाजार आजचा रेपो दर बघतोच, पण त्याहून जास्त विचार पुढच्या १० वर्षांचा करतो. पुढे दर कुठे जातील, महागाई किती राहील, सरकार किती कर्ज काढेल, हे सगळे अंदाज त्या यील्डमध्ये आधीच मिसळलेले असतात.

मे २०२२ मध्ये महागाई वाढत होती आणि कधी ना कधी दर वाढणार, हे बाजाराला ठाऊक होतं. म्हणून रेपो दर ४ टक्के असतानाही १० वर्षांचं यील्ड ७ टक्क्यांच्या वर होतं. धक्का दरवाढीचा नव्हता, ती इतक्या लवकर आणि न सांगता आली याचा होता. त्यानंतर फेब्रुवारी २०२३ पर्यंत रेपो दर ६.५० टक्क्यांवर पोहोचला. म्हणजे एकूण अडीच टक्क्यांची वाढ झाली, पण १० वर्षांचं यील्ड ७.१२ वरून तेवढं वाढलं नाही. बरीचशी वाढ बाजाराने आधीच गृहीत धरलेली होती.

ट्रेडरसाठी म्हणूनच दर वाढला की कमी झाला, हा अर्धा प्रश्न असतो. खरा प्रश्न असतो, अपेक्षेपेक्षा वेगळं काही झालं का?

दर कमी झाला, तरी यील्ड वाढलं!

याचं उत्तम उदाहरण ६ जून २०२५ चं आहे. गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी रेपो दर एकदम अर्ध्या टक्क्याने कमी करून ५.५० टक्के केला. बहुतेकांना पाव टक्क्याची कपात अपेक्षित होती. शिवाय सीआरआरही टप्प्याटप्प्याने १ टक्क्याने कमी करण्याची घोषणा झाली.

आतापर्यंतच्या हिशेबाने बाँडच्या किमती चांगल्याच वाढायला हव्या होत्या. पण त्याच निवेदनात आणखी एक वाक्य होतं. रिझर्व्ह बँकेने आपली भूमिका ‘अकोमोडेटिव्ह’ऐवजी ‘न्यूट्रल’ केली आणि यापुढे दर कमी करायला मर्यादित वाव असल्याचं सांगितलं. सोप्या भाषेत, जे द्यायचं होतं ते एकदम दिलं, आता लगेच आणखी मागू नका.

दर घटत राहतील या आशेवर ज्यांनी १० वर्षांचे बाँड घेऊन ठेवले होते, त्यांच्यासाठी खरेदीचं कारणच संपलं. त्यात ऑगस्टमध्ये जीएसटी कपातीची घोषणा झाली आणि सरकारला जास्त कर्ज काढावं लागेल अशी चिंता वाढली. जूनच्या सुरुवातीला साधारण सव्वासहा टक्क्यांच्या आसपास असलेलं १० वर्षांचं यील्ड ऑगस्टअखेर साडेसहा टक्क्यांच्या वर गेलं होतं. म्हणजे दर कमी होऊनही १० वर्षांच्या बाँडवर १०० रुपयांमागे सुमारे दोन रुपयांचं नुकसान.

चूक कुठे झाली? ‘दर कमी म्हणजे किंमत जास्त’ हे वाक्य अर्धवट आहे. बाँडची किंमत त्याच्याच मुदतीच्या यील्डवर ठरते, रेपो दरावर थेट नाही. अगदी कमी मुदतीचे बाँड रेपोच्या मागेमागे जातात. लांब मुदतीचे बाँड स्वतःच्या वाटेने जाऊ शकतात.

सुरक्षित बाँडमुळे बँक बुडू शकते का?

हो, आणि तसं घडलं आहे. अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेने ठेवीदारांचे पैसे मोठ्या प्रमाणावर लांब मुदतीच्या सरकारी आणि गृहकर्जाधारित बाँडमध्ये गुंतवले होते, तेही व्याजदर शून्याच्या जवळ असताना. पैसे बुडण्याचा धोका या बाँडमध्ये जवळपास नव्हता. पण मार्च २०२२ पासून फेडरल रिझर्व्हने वर्षभरात दर साडेचार टक्क्यांच्या वर नेले आणि या बाँडच्या किमती कोसळल्या.

मुदतीपर्यंत थांबता आलं असतं, तर पूर्ण पैसे मिळाले असते. पण ठेवीदार पैसे काढत होते. ८ मार्च २०२३ रोजी बँकेने सुमारे २१ अब्ज डॉलरचे बाँड विकल्याचं आणि त्यात १.८ अब्ज डॉलरचा तोटा झाल्याचं जाहीर केलं. ते ऐकून ठेवीदारांची झुंबड उडाली आणि १० मार्चला नियामकांनी बँक ताब्यात घेतली. तोटा आधीपासून होताच. विकायची वेळ आली तेव्हा तो बाहेर आला.

तुमच्या पैशांशी याचा संबंध काय?

तुम्ही सरकारी बाँड थेट घेतला असेल, उदाहरणार्थ रिझर्व्ह बँकेच्या ‘रिटेल डायरेक्ट’ योजनेतून, आणि तो मुदत संपेपर्यंत ठेवणार असाल, तर मधल्या चढउतारांनी तुमच्या व्याजात किंवा मुद्दलात फरक पडत नाही. घेताना जे यील्ड होतं, जवळपास तेवढा परतावा मिळतो. मात्र मधेच विकावा लागला, तर त्या दिवशीचा भाव स्वीकारावा लागतो.

डेट म्युच्युअल फंडात गोष्ट वेगळी आहे. फंडाला आपल्याकडच्या बाँडची किंमत रोज बाजारभावाने धरावी लागते. त्यामुळे यील्ड वाढलं की एनएव्ही खाली येते. ‘डेट फंड सुरक्षित असतो, मग माझे पैसे कमी कसे झाले?’ हा प्रश्न अनेकांना याच कारणाने पडतो.

याचा अंदाज आधीच घेता येतो. प्रत्येक फंडाच्या मासिक फॅक्टशीटमध्ये मॉडिफाइड ड्युरेशन दिलेलं असतं. लिक्विड फंडात ते जवळपास शून्य असतं, त्यामुळे दरवाढीचा धक्का जाणवतही नाही. लांब मुदतीच्या गिल्ट फंडात ते ७, ८ किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. ८ असेल आणि यील्ड अर्धा टक्का वाढलं, तर एनएव्हीला साधारण ४ टक्क्यांचा फटका बसू शकतो. फंडाला मिळणारं व्याज ही भरपाई हळूहळू करतं, पण त्याला वेळ लागतो. सहा महिन्यांत लागणारे पैसे अशा फंडात ठेवले, तर तेवढा वेळ मिळेलच असं नाही.

हे गणित फक्त व्याजदराच्या जोखमीचं आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. कंपन्यांच्या बाँडमध्ये कंपनीच पैसे परत देऊ शकणार नाही, हा वेगळा धोका असतो आणि तो ड्युरेशनच्या आकड्यात दिसत नाही.

पुढच्या वेळी ‘बाँड यील्डमध्ये मोठी उसळी’ अशी बातमी दिसली, तर एवढं आठवा: कुठेतरी कुणाच्या हातातल्या बाँडची किंमत तेवढीच घसरली आहे. नुकसान किती, हे त्या बाँडच्या मुदतीवर अवलंबून आहे. आणि ते प्रत्यक्ष सोसावं लागेल की नाही, हे त्याला मुदतीपर्यंत थांबता येतं का, यावर.